काउंटरवरची सनमायका आठ दिवसांत उचलली: पावसाळ्यात सोल्यूशन चालत नाही का?

देवरुखचा_झेरॉक्सवाला
दुकानाचं काउंटर स्वतःच करायला घेतलं होतं. सहा फूट लांब, बावीस इंच रुंद. १९ एमएमचं मरीन प्लाय, त्याखाली पुढच्या कडेला त्याच प्लायची दोन इंची पट्टी मारून कड जाड केलेली. वर १ एमएमची पांढरी मॅट सनमायका. चिकटवायला पिवळं रबरी सोल्यूशन, कारण दुकान दोन दिवसांच्या वर बंद ठेवायचं नव्हतं आणि पांढरा गोंद रात्रभर दाबून ठेवावा लागतो म्हणतात.

प्लायला एक हात, सनमायकाच्या पाठीला एक हात, टेबलफॅन लावून वीस मिनिटं वाळू दिलं. मग बसवली, आईच्या लाटण्याने लाटली आणि रात्रभर वर झेरॉक्सच्या कागदांचे खोके ठेवले. सकाळी एकदम फर्स्टक्लास. आठव्या दिवशी पुढचा डावा कोपरा उघडला, आणि मधे जिथे गिऱ्हाईक हात टेकतं तिथे टकटक केलं की पोकळ आवाज येतो. बाहेर पाऊस धो धो. डबा बघितला, मुदत पुढच्या वर्षीची आहे.

सोल्यूशन पावसाळ्यात चालतच नाही की माझं काही चुकलं?

सदूकाका
सनमायकाला पांढरा फेविकॉलच. आमच्या वडिलांनी लावलेल्या कपाटाची सनमायका चाळीस वर्षं झाली तरी जागची हलली नाही. सोल्यूशन हे चपलेचं काम. ते कायम रबरच राहतं, उन्हात किंवा शेगडीजवळ मऊ होतं आणि सनमायका सरकते. दोन वर्षांत सगळं उचलणार, लिहून ठेव.

गौरी_सातारा
आमच्याकडे ओट्याच्या सिंकजवळ असंच झालंय, कड्याला पाणी जाऊन फुगलंय. सिलिकॉन भरलं तर थांबेल का? ग्रॅनाइट आहे.

पटाशी
गौरीताई, ग्रॅनाइटचा प्रश्न निराळा, तिथे खालचा सिमेंटचा थर बघावा लागेल. वेगळा विचारा, उत्तर देतो.

झेरॉक्सवाले, कोपरा उघडलाच आहे तर दाबून परत चिकटवायच्या आधी एक काम करा. चार बोटं आत जातील इतकं उचला आणि टॉर्च मारून दोन्ही बाजू नीट बघा. गोंद कुठे राहिलाय, प्लायवर, सनमायकावर की दोन्हीकडे? दिसतो कसा, चकचकीत, दुधाळ, की तारा सुटणारा? वास येतोय का? मधल्या पोकळ जागेपर्यंत जाता आलं तर तिथलंही सांगा. काय चुकलं ते उचललेली सनमायकाच सांगते, डब्यावरची तारीख नाही.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
बघितलं. कोपऱ्यात अगदी कडेला दीड-दोन इंच प्लाय जवळजवळ कोरडं आहे, तिथला गोंद सनमायकाच्या पाठीला चिकटून आलाय आणि त्यावर लाकडाची भुकटी. त्याच्या आत दोन्हीकडे गोंद आहे, पण एकमेकाला धरलाच नाही असं वाटतं. दोन्ही थर आपापल्या जागी, वर पांढुरकी साय. मधपर्यंत पोचायला पातळ पट्टी घालून उचलली, तर तिथे अजून वास येतो आणि च्युइंगमसारख्या तारा निघतात. आठ दिवसांनी!

पटाशी
म्हणजे एका शीटमध्ये तीन आजार. एकेक घेऊ.

कडेचा भाग. प्लाय गोंद पितं, त्यातही कापलेल्या कडेजवळ जास्त. एकच हात दिला तर तो आत जिरतो आणि वर पकडायला काही उरत नाही. भुकटी दिसतेय म्हणजे पॉलिश पेपर मारल्यावर धूळही नीट झटकली नव्हती. गोंदाने धूळ धरली, प्लाय धरलं नाही.

पांढुरकी साय. हा खरा पावसाळ्याचा आजार. तळहातावर स्पिरिट टाकलं की गार लागतं ना? सोल्यूशनमधलं थिनर उडतं तेव्हा गोंदाचा थरही तसाच गार पडतो. हवा दमट असेल तर गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं त्या थरावर दव धरतं. तुम्ही वर टेबलफॅन लावला, त्याने थिनर आणखी वेगाने उडालं आणि थर आणखी गार झाला. बोट लावलं तर कोरडं लागतं, पण मधे पाण्याची साय. हे दोन थर एकमेकात मिसळायला हवेत तरच पकड, नाहीतर दोन वेगळी रबरं एकमेकांवर नुसती टेकून बसतात.

मधला भाग उलटा. तिथे हात जाड पडला असणार, वीस मिनिटांत वरवर सुकलं पण आत थिनर राहिलं. वरून सनमायका बसली, खाली प्लायला चिकट थर, आता थिनर जाणार कुठे? ते महिनाभरही तसंच राहील.

तेव्हा सोल्यूशन पावसाळ्यात चालतं. पण डब्यावरची वीस मिनिटं देवरुखच्या जुलैला लागू नाहीत.

सदूकाका
म्हणजे मी म्हणालो तेच. भानगडीचं काम.

पटाशी
काका, तुमचं अर्धं बरोबर आहे. उष्णतेने तो मऊ होतो हे खरं. शेगडीच्या बाजूला किंवा थेट ऊन येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर मीही सोल्यूशन टाळतो. पण दोन वर्षांत उचलतं हे माझ्या बघण्यात नाही. माझं स्वतःचं कामाचं टेबल अकरा वर्षांचं आहे, सोल्यूशनवरच. पांढऱ्या गोंदाला सगळीकडे सारखा दाब तासन् तास लागतो. कारखान्यात प्रेस असतो, दुकानात खोके असतात. खोक्याखाली दाब, दोन खोक्यांच्या मधे काही नाही.

सदूकाका
वर दुसरं प्लाय ठेवायचं आणि मग वजन. आम्ही गव्हाची पोती ठेवायचो.

पटाशी
हो, तसं केलं तर उत्तम बसते. पण दुकान तेवढा वेळ बंद.

मनीषा_इचलकरंजी
मला वाटतं इतकं उपटायची गरज नाही. ब्राउन पेपर ठेवून वरून इस्त्री फिरवा आणि गरम असतानाच दाबा. आमच्या टीव्ही युनिटचा कोपरा असाच बसवला होता, दोन वर्षं झाली.

पटाशी
मनीषाताई, ही युक्ती खरी आहे. वाळलेलं सोल्यूशन गरम झालं की परत चिकट होतं. तुमच्याकडे दोन्हीकडे चांगला थर असणार आणि फक्त दाब कमी पडला असणार. इथे कडेला प्लायवर थरच नाही, तर इस्त्री गरम कशाला करणार? आणि मधे थिनर आहे, तिथे गरम केलं तर वाफ होऊन फुगा मोठा होईल. सायीच्या भागात कदाचित जमेल. तीनातल्या एका आजाराला औषध.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
मग पूर्ण काढतो. तीच शीट परत वापरता येईल का?

पटाशी
नाही. ती आता काउंटरच्या मापाला कापलेली आहे. सोल्यूशनमध्ये टेकली तिथे धरली, सरकवायला मिळत नाही. दोन एमएम वाकडी बसली तर एका कडेला प्लाय उघडं पडेल. नवीन शीट चारही बाजूंनी पाच-सहा एमएम मोठी ठेवा, जादाचं नंतर ट्रिमरने उडवायचं. जुनी काढायला कोपऱ्यातून ब्रशने थिनर सोडा, पाच मिनिटं थांबा, पट्टी सरकवा, परत थिनर सोडा. घाई केली तर प्लायची वरची साल उपटेल.

आणि पुढच्या कडेची सनमायकाची पट्टी आधी लावली होती की नंतर?

देवरुखचा_झेरॉक्सवाला
नंतर. वरची बसवून कापली, मग पुढे पट्टी.

पटाशी
हे उलटं झालं. पुढची पट्टी आधी, ती वरून प्लायला सपाट घासून घ्यायची, मग वरची शीट तिच्या डोक्यावरून पुढे आणायची. तुमच्या पद्धतीत पट्टीची वरची कड काउंटरच्या तोंडाशी उघडी राहते. गिऱ्हाईक पैसे सरकवतं, फाइल ओढतं, प्रत्येक वेळी ती कड वर उचलली जाते. वरून पुसलेलं पाणीही त्याच फटीत जातं. वरची शीट पुढे आली की फट समोरच्या बाजूला जाते, तिथे कोणी काही ओढत नाही.

निनाद_न्यूजर्सी
इकडे घरचं काउंटरटॉप लोक याच गोंदाने करतात, दोन्हीकडे लावून. पाण्यावर चालणारं सोल्यूशनही मिळतं, वास कमी, पण वाळायला वेळ जास्त. एक विचारायचं होतं, शीट बसवताना मधे काड्या ठेवतात तशा तुम्ही ठेवल्या होत्या का? एकट्याने सहा फुटी शीट अंदाजाने टेकवणं म्हणजे जुगार.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
नाही. भाऊ एका टोकाला, मी एका टोकाला. मधे आधी टेकली. काड्या म्हणजे खराट्याचे हीर चालतील?

पटाशी
हीर बारीक पडतात. १ एमएमची शीट दोन हिरांच्या मधे झोळ घेते आणि खाली टेकते, मग झालंच. वायरिंगच्या केसिंग पट्ट्या आणा, पाऊण इंची. काउंटरच्या रुंदीपेक्षा लांब कापा, आडव्या, फूटभर अंतराने. सोल्यूशन वाळलेलं असेल तर प्लॅस्टिकला फारसं धरत नाही. पट्ट्यांवर शीट ठेवून चारही बाजूंनी जादा सारखं आहे का बघा, मग मधली पट्टी काढा आणि तिथे हाताने दाबा. नंतर एक डावीकडची, एक उजवीकडची, असं मधून बाहेर. हवा पुढे ढकलली जाते. दोन्ही टोकांकडून मधे आलात तर हवा मधे अडकते.

आणि लाटणं घरी परत द्या. लाटणं फूटभर जागेवर एकदम टेकतं, तुमचं वजन तेवढ्या लांबीवर वाटलं जातं. तीन इंची रबरी रोलर घ्या, दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकून फिरवा. सोल्यूशनला दाब जोरदार लागतो, पण क्षणभरच. रात्रभर खोके ठेवून काही मिळत नाही, तो पांढऱ्या गोंदाचा हिशेब. फक्त बाहेर आलेल्या कडेवरून रोलर उतरवू नका, तेवढी पट्टी खाडकन मोडते आणि भेग आत येते. रोलर नसेल तर लाकडाचा ठोकळा, त्याला कापड, वर लाकडी हातोडी, इंच इंच ठोकत जा. आवाज ऐका. धरलेल्या जागी भरीव, सुटलेल्या जागी ढब.

गौरी_सातारा
एक सांगू का, मधेच बोलतेय. आमच्या वडिलांनी बंद खोलीत हे सोल्यूशन लावलं होतं, डोकं गरगरून खाली बसले. आणि संध्याकाळी आई देवापुढे दिवा लावायला निघाली होती, शेजारच्या काकांनी ओरडून थांबवलं.

पटाशी
फार महत्त्वाचं बोललात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते. वास कमी झाला म्हणून गेली असं नाही. दुकानात झेरॉक्स मशीन, फ्रिज असलं काही असेल तर डबा उघडायच्या आधीच प्लग काढा. शटर पूर्ण वर. दिवा, उदबत्ती, गॅस काही नाही, डबा बंद करून वास गेल्यावर दोन तासांनीच. प्लाय आणि शीट कोमट करायची असेल तर हॅलोजन आधी लावा, मग बंद करून बाहेर न्या, आणि त्यानंतरच डबा उघडा. हा क्रम उलटा करू नका.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
कोमट केल्याने साय टळेल?

पटाशी
बरीच. गरम पृष्ठभाग दवाइतका गार पडत नाही. दिवस दुपारचा निवडा, पाऊस थांबलेला. पंखा थेट गोंदावर नको, वाफेतही चालवू नका, शटर उघडं ठेवून हवा आपसूक बाहेर जाऊ द्या. तरीही साय दिसली तर पुढे जाऊ नका, ती पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि वरून आणखी एक पातळ हात द्या.

प्लायला पहिला हात पातळ, तो पूर्ण वाळू द्या. मग प्लायला दुसरा आणि शीटच्या पाठीला एक. कडेच्या दोन इंचाला प्लायवर तिसराही. तुमचं काउंटर अकरा चौरस फूट, सगळ्या हातांचा हिशेब धरून डबा आणा. घड्याळापेक्षा वर्तमानपत्राचा तुकडा दाबून बघा. कागद काही न घेता सुटला तर तयार, ओढून धरला तर अजून नाही. मधे, कडेला, कोपऱ्यात अशा चार जागी बघा, आणि ब्रश जिथे थबकला होता तिथे नक्की. उलट फार उशीरही नको. तासाच्या वर गेलं की दोन्ही थर मरतात, एकमेकाला धरत नाहीत.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
काल केलं. लिहितो.

जुनी काढायला अडीच तास. प्लायची साल दोन ठिकाणी उपटली, तिथे वुड फिलर भरून घासलं. नवीन शीट आणि प्लाय दोन दिवस दुकानातच एकत्र ठेवले होते, ते सुताराने सांगितलं.

पहिला हात साडेबाराला. वाळायला पन्नास मिनिटं. दुसरा हात दिला, आणि मधेच सर आली! शीटच्या पाठीवर दुधाळ झाक दिसली, मला आधी कळलं नसतं. थांबलो, सर गेली, अर्ध्या तासाने झाक गेली, वरून पातळ हात दिला. कागद सुटायला पस्तीस मिनिटं लागली. केसिंग पट्ट्या सात लावल्या, मधून बाहेर काढल्या, रोलर फिरवला. हात दुखतायत. टकटक सगळीकडे भरीव, फक्त उजव्या मागच्या कोपऱ्यात हातभर अंतरावर एक जागा संशयास्पद, तिथे ठोकळा ठेवून ठोकलं, आता बरी वाटते.

घोळ ट्रिमिंगला झाला. भाड्याचा ट्रिमर, बेअरिंगवाला बिट. अर्ध्यापर्यंत मस्त, मग पुढच्या पट्टीवर काळी-तपकिरी रेघ ओढत गेला. आणि डावीकडच्या कोपऱ्याला वरच्या शीटचा तांदळाएवढा टवका उडाला.

पटाशी
रेघ म्हणजे बेअरिंगला सोल्यूशन लागलं आणि ते फिरायचं थांबलं. थांबलेलं बेअरिंग पट्टीवर घासत गेलं. ट्रिमिंगआधी पुढची पट्टी थिनरच्या फडक्याने पुसायची आणि जिथे बेअरिंग धावणार तिथे पेट्रोलियम जेली किंवा मास्किंग टेप. टेप लावला तर केसभर जादा राहतं, ते कानसीने काढायचं. रेघ गोंदाची असेल तर थिनरने जाईल. सनमायका जळाली असेल तर नाही.

टवका कुठल्या दिशेने चालताना उडाला?

देवरुखचा_झेरॉक्सवाला
उजवीकडून डावीकडे. तोच हात सोयीचा होता.

पटाशी
समोर उभे राहिलात तर बाहेरच्या कडेला डावीकडून उजवीकडे जायचं. बिट फिरतो त्याच्या विरोधात. तुम्ही त्याच्यासोबत गेलात, तो तुम्हाला ओढत नेतो आणि कोपऱ्याला पोचला की उडी मारतो. कोपरे शक्यतो शेवटचे दोन इंच बाहेरून आत, हळू.

आता कड कानसीने मारा. कानस किंचित तिरकी धरा आणि फक्त वरून खाली ढकला, म्हणजे शीटचा धक्का प्लायकडे जाईल. परत आणताना उचलून आणा. खालून वर ओढलीत की टवके. टवक्याला पांढरा मेणाचा फिलर भरा, जवळून दिसेल, गिऱ्हाइकाला नाही.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
रेघ निम्मी गेली, निम्मी राहिली. कानस मारल्यावर कडेला तपकिरी धागा दिसतोय, पांढऱ्याला तो उठून दिसतो. हे कसं घालवायचं?

पटाशी
तो सनमायकाचा आतला कागद, जाणार नाही. जितकी कमी तिरकी माराल तितका धागा बारीक. आतूनही पांढरी असलेली शीट मिळते, महाग. पुढच्या वेळी रंग गडद घ्या.

सदूकाका
किंवा पुढे सागाची पट्टी मारा आणि पॉलिश करा. धागाही नाही, रेघही नाही.

पटाशी
काका, हे मला मान्य. सागाची पट्टी आधी लावून तिच्यावरून शीट आणायची की शीट आधी आणि पट्टी नंतर, यावर मात्र आपलं जमणार नाही.

सदूकाका
पट्टी नंतर. शीटची कड लाकडाने झाकली पाहिजे.

मनीषा_इचलकरंजी
एक शंका. काउंटरच्या खालच्या बाजूला काहीच लावलं नाही का? आमच्या सुताराने टीव्ही युनिटला खालूनही हलकी सनमायका लावायला लावली होती, नाहीतर फळी धनुष्यासारखी होते म्हणाला.

पटाशी
सुटी फळी असेल तर त्याचं बरोबर आहे. सनमायका दमट हवेत पसरते, कोरड्यात आकसते, प्लाय तितकं हलत नाही. एकाच बाजूला असली तर ओढ एकाच बाजूची. इथे खाली दोन इंची पट्टी आणि तीन पाय स्क्रूने धरलेत, त्यामुळे मी एवढा आग्रह धरला नाही.

सदूकाका
मी धरला असता. मार्चमध्ये बघा.

देवरुखचा_झेरॉक्सवाला
आत्ता लांब पट्टी ठेवून बघितली, मधे कागद जात नाही. खालून लावायची तर काउंटर उलटं करावं लागेल, ते या महिन्यात शक्य नाही. मार्चमध्ये हीच पट्टी ठेवून परत बघतो, किती कागद जातात ते इथेच लिहीन.